बोअरच्या मोटरचं वॉरंटी कार्ड, थोडक्यात

काकाजी, तुम्ही पाठवलेल्या दोन्ही फोटोंवरून हे लिहिलं. मोटर ५ एचपी, थ्री फेज, सहा इंची बोअरची सबमर्सिबल.

आधी तारीख बघा. बिल २० मे २०२४ चं, म्हणून वॉरंटी मे २०२५ पर्यंत, असं दुकानदार म्हणतो. कार्डावर मात्र 'बिलापासून १२ महिने किंवा कारखान्यातून निघाल्यापासून १८ महिने, जे आधी संपेल ते' असं छापलं आहे. माल ८ ऑगस्ट २०२३ ला निघाला आणि नऊ महिने दुकानातच पडून होता. म्हणून मुदत ७ फेब्रुवारी २०२५ ला संपते. आज २१ जानेवारी.

काय मिळतं: बनावटीत किंवा मालात दोष निघाला तर तो भाग फुकट दुरुस्त किंवा बदलून. नवी मोटर द्यायचीच असं बंधन नाही. दुरुस्तीनंतर मुदत नव्याने सुरू होत नाही, जुनीच चालते.

काय मिळत नाही: बुश, थ्रस्ट बेअरिंग, सील, केबल. रेतीने घासलेले इंपेलर. कोरडी चालून जळालेली मोटर. व्होल्टेज ३५० च्या खाली किंवा ४४० च्या वर असताना चालवलेली मोटर. बोअरमधून वर काढायची मजुरी आणि नेण्या-आणण्याचं भाडंही आपल्याच खिशातून.

सगळ्यात जास्त क्लेम अडतात ते सिंगल फेजिंगवर. एक फेज गेला आणि मोटर दोनवरच ओढत राहिली की वायंडिंगचा काही भाग काळा पडतो, बाकीचा चांगला राहतो. उघडल्याबरोबर ते दिसतं. कार्डात प्रिव्हेंटर बसवलेला स्टार्टर सक्तीचा आहे. रात्रीची लाईन आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून ऑटो स्विच लावताना प्रिव्हेंटर बायपास केला असेल, तर क्लेम बसणं कठीण.

क्लेम असा करा: गावातल्या मिस्त्रीला मोटर उघडू देऊ नका, सील तुटलं की वॉरंटी गेली. कार्डाच्या मागच्या नंबरवर आजच फोन करून तक्रार क्रमांक घ्या, म्हणजे मुदतीत कळवल्याची नोंद राहील. मग पंप आणि मोटर न सोडवता यवतमाळच्या सर्व्हिस सेंटरला न्या. जमा केल्याची पावती घ्या, तिच्यावर तारीख हवी. नाकारलं तर कारण लेखी मागा. ग्राहक हेल्पलाईन १९१५ ला तेच कामी येतं.

सोबत: जीएसटीचं मूळ बिल (कच्ची चिठ्ठी चालत नाही), मूळ कार्ड, नेमप्लेटचा फोटो, स्टार्टरच्या पेटीचा आतून फोटो.

दोन अडचणी. दुकानाचा शिक्का इतका फिका आहे की नाव वाचता येत नाही. उद्याच दारव्ह्याला जाऊन पुन्हा मारून घ्या, खाली सहीही. आणि सिरियल नंबरचा शेवटचा आकडा फोटोत अंगठ्याखाली गेला आहे, ३ की ८ ते कळत नाही. मोटर वर आली की नेमप्लेट कपड्याने पुसून तो नंबर बिलाशी जुळवा. एका आकड्याचा फरक असला तरी मोटर परत पाठवतात.