आमच्याबद्दल (व्हिजन काढून टाकल्यानंतर)

आधी इथं लिहिलेलं, "शेतकरी आणि ग्राहक यांच्यातली दरी तंत्रज्ञानाने मिटवून भारतीय मसाल्यांना जागतिक ओळख देणं हा आमचा ध्यास." ते लोनच्या प्रोजेक्ट रिपोर्टमधलं वाक्य होतं, वेबसाइट बनवताना तसंच इकडं आलं. ध्यास वगैरे काही नव्हता. झालं ते असं.

२०२० चा एप्रिल. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगला होतो, वर्क फ्रॉम होम म्हणून सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी आलेलो. घरात हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून पोत्यात भरून तयार, आणि लॉकडाऊनमुळं सौदे बंद. तिकडं आयुष मंत्रालयानं हळदीचं दूध प्या म्हणून सांगितलेलं, त्यामुळं पुण्यातले जुने रूममेट सारखे विचारायचे, घरची हळद आहे का रे. आईनं गावातल्या कांडप गिरणीतून थोडी दळून आणली, मी पाठवली. आमचं मार्केट रिसर्च ते एवढंच.

पहिल्याच लॉटला एकाचा फोन, दूध तिखट लागतंय. गिरणीत आमच्या आधी कुणाचीतरी चटणी दळलेली! मग स्वतःचं पल्व्हरायझर घ्यायचं ठरलं, त्यासाठी छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत अर्ज केला, ३५ टक्के अनुदान मिळतं त्यात, पण बँकेला रिपोर्ट लागतो आणि रिपोर्टला व्हिजन लागतं, तर ज्यानं रिपोर्ट करून दिला त्यानंच व्हिजनही घातलं. मशीन आलं, एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन झालं, आणि एकदम "स्टार्टअप" म्हणायला लागले लोक.

"शेतकऱ्यांचं नेटवर्क" म्हणजे पप्पा, चुलते आणि शेजारची दोन घरं. आम्ही त्या दिवशीचा यार्डातला दर देतो, माल घरातूनच उचलतो, त्यांचं गाडीभाडं आणि हमाली वाचते, याच्यापेक्षा जास्त क्रांती काही केलेली नाही. २०२३ ला दर अचानक चढले तेव्हा शेजाऱ्यांनी माल यार्डात नेला कारण आमच्याकडं तेवढे रोख पैसे नव्हते, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? त्या वर्षी आम्ही बरेच महिने "आउट ऑफ स्टॉक" होतो. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्यातही आमचा वाटा शून्य.

"तंत्रज्ञान" म्हणजे व्हॉट्सअॅप आणि एक एक्सेल शीट. टीम म्हणजे मी, आई आणि पॅकिंगला येणाऱ्या दोन काकू. नोकरी मी अजून सोडलेली नाही, मशीनचा हप्ता पगारातूनच जातो, म्हणून कुरिअर फक्त शनिवारी निघतं.

हळद सेलम जातीची आहे, वरून रंग लावत नाही, त्यामुळं दुकानातल्यापेक्षा फिकी वाटली तर तक्रार करू नका. नवीन माल एप्रिल-मेमध्ये.