सूचना : बुधवार ६ मे ते शुक्रवार ८ मे नळाला पाणी येणार नाही

दर्यापूर, रविवार, ३ मे २०२६
प्रति : दोन्ही इमारतींतील ३६ सदनिकाधारक, मागच्या ओळीतील ८ रो-हाऊस आणि सर्व भाडेकरू कुटुंबे

सस्नेह नमस्कार.

शहानूर धरणावरून येणाऱ्या मुख्य जलवाहिनीची दुरुस्ती होणार असल्याने बुधवारी ६ मे रोजी सकाळी ६ वाजल्यापासून शुक्रवार ८ मेच्या संध्याकाळपर्यंत पाणीपुरवठा बंद राहील. म्हणजे आपल्या बुधवार आणि शुक्रवारच्या दोन पाळ्या येणार नाहीत. सोमवारची पाळी नेहमीप्रमाणे होईल आणि मंगळवारी ५ मे रोजी संध्याकाळी एक जादा पाळी मिळेल. शनिवारी ९ मेच्या सकाळी पाणी परत सुरू होणे अपेक्षित आहे.

तीन दिवस पुरेल एवढे पाणी आपल्याकडे आहे. कोणीही घाबरून जाऊ नये. फक्त ते कसे वाटून घ्यायचे, हे सगळ्यांना सारखेच माहीत असावे, म्हणून ही सूचना जरा सविस्तर लिहिली आहे.

ऐन मे महिन्यात हे काम कशाला, असे बऱ्याच जणांनी विचारले. गावाबाहेर नाल्याजवळ जोड गळतो आहे. सगळीकडे रान करपलेले असताना तिथे हातभर हिरवे गवत उभे आहे आणि दुपारची ढोरं त्याच खड्ड्यात पाणी पितात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि या हालचालीत पाइपाचे जोड सैल होतात. एकदा पाऊस लागला की त्या चिखलात ना जेसीबी उभा राहतो ना माणूस. शिवाय पुरवठा बंद असताना त्याच गळक्या जोडातून खड्ड्यातले घाण पाणी आत शिरते. म्हणून हे काम पावसाआधी होत आहे, याचे समितीला समाधानच आहे.

आता आपल्या पाण्याचा हिशोब. जमिनीखालची टाकी २५,००० लिटरची आणि गच्चीवरच्या दोन टाक्या प्रत्येकी ५,००० लिटरच्या, असे मंगळवारी रात्री सगळे भरून ३५,००० लिटर होईल. तळाचे गाळाचे २,००० लिटर उपसायचे नाहीत. आजारपण, आग किंवा काम लांबणे यासाठी ६,००० लिटर राखून ठेवायचे आहे. उरलेले २७,००० लिटर तीन दिवसांत ३६ घरांना वाटले तर प्रत्येक घराला रोज २५० लिटर येते. चार माणसांच्या घरात माणशी साधारण ६० लिटर. शहरांसाठी माणशी १३५ लिटरचे मानक धरतात, त्या मानाने हे कमी आहे. पण जलजीवन मिशनमध्ये खेड्यासाठी माणशी ५५ लिटरच धरलेले आहे. जपून वापरले तर भागते.

गच्चीवरच्या टाक्यांचे व्हॉल्व बुधवार, गुरुवार, शुक्रवार या तिन्ही दिवशी सकाळी ६.३० ते ७.१५ आणि संध्याकाळी ६.३० ते ७ एवढ्याच वेळेत उघडतील. दोन्ही इमारतींना एकाच वेळी. वॉचमनला मध्येच व्हॉल्व उघडायला सांगू नये. तो नाही म्हणेल तेव्हा ते समितीने सांगितलेले असेल, त्याच्यावर राग धरू नका.

मंगळवारी संध्याकाळी घरातली टिपाडं, गुंड, कोपर, बादल्या भरून घ्या. मात्र आहे तेवढ्याच भांड्यांत. मागे पुरवठा बंद झाला होता तेव्हा तीन-तीन नवे ड्रम भरून ठेवलेल्या घरांनी चौथ्या दिवशी ते शिळे म्हणून मोरीत ओतले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या नळाला मात्र थेंब नव्हता. भरलेले प्रत्येक भांडे झाकून ठेवा, ड्रमच्या तोंडाला फडके बांधा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा डास होतो. पाणी सुरू झाल्यावर ही सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करायची आहेत.

बोअरच्या पाण्याबद्दल. आपण खारपाणपट्ट्यात राहतो. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत हीच गत आहे. आपले बोअर तीन दिवस सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ६ ते ७.३० चालू राहील आणि पाणी फाटकाजवळच्या नळाला मिळेल. संडास, फरशी, गाडी आणि कपड्यांचा पहिला हात यासाठी ते खुशाल वापरा. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी अजिबात नाही. उकळले की चालते, असा समज आहे, तो चुकीचा. उकळल्याने जंतू मरतात, क्षार तसेच राहतात. उलट पाणी आटले की त्यांचे प्रमाण वाढते. काहींनी सुचवले की बोअरचे पाणी सरळ खालच्या टाकीत सोडावे, म्हणजे कोणालाच खाली यावे लागणार नाही. समितीने ते मान्य केलेले नाही. एकदा खारे पाणी मिसळले की टाकीतले सगळे गोडे पाणी पिण्यातून जाते, आणि या तीन दिवसांत आपल्याला जपायचे आहे ते नेमके तेच.

कूलर बंद करू नका. या उन्हात, विशेषतः लहान मुले आणि म्हातारी माणसे असलेल्या घरांत, कूलर ही चैन नव्हे. पण दुपारभर चालणारा मोठा कूलर बादल्यांवर बादल्या पाणी पितो, म्हणून या तीन दिवसांत त्यात बोअरचेच पाणी टाका. ताट्यांवर पांढरा थर चढेल. शनिवारनंतर टाकी रिकामी करून ताट्या आणि पंप गोड्या पाण्याने धुतले की काम भागते. आरओ मशीन असलेल्या घरांनी त्यातून बाहेर पडणारे पाणी मोरीत न सोडता बादलीत धरावे, फरशीला चालते.

रो-हाऊसमधील कुटुंबांचे नळ थेट लाइनवर आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी ८ वाजता पाण्याचा टँकर मागच्या रस्त्यावर येईल. टँकर अंजनगावकडच्या गोड्या विहिरीवरून भरून येणार आहे. त्यात हजार लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात ब्लीचिंग पावडर टाकून अर्धा तास थांबूनच पाणी दिले जाईल. थोडा वास येईल, तो त्याचाच. पिण्याचे पाणी तरीही गाळून, खळखळ उकळी आणूनच माठात भरा. टँकरचा खर्च देखभाल निधीतून होईल, कोणाकडूनही वेगळी वर्गणी घेतली जाणार नाही.

याच घरांना एक आग्रहाची विनंती. टिल्लू पंप या काळात लाइनला अजिबात लावू नका, शनिवारी तर नाहीच. पाइपात दाब नसताना पंपाने ओढले की फटीफटीतून आजूबाजूचे सांडपाणी आत खेचले जाते आणि ते फक्त पंपवाल्याच्या घरात जात नाही. उन्हाळ्यातली गॅस्ट्रोची साथ बहुतेक वेळा अशाच पाण्यातून येते.

१७ मेला धोंड्याचा महिना लागतो, त्याआधी लग्नांची दाटी आहे आणि आपल्या बी इमारतीतल्या एका घरीही शुक्रवारी कार्य आहे. त्या कुटुंबाशी बोलणे झाले आहे. जेवणावळ आणि हात-पाय धुण्याचे पाणी त्यांनी मंगल कार्यालयात वेगळ्या टँकरने ठरवले आहे. राहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी राखीव साठ्यातून त्यांना रोज २०० लिटर जास्तीचे देण्याचे समितीने ठरवले आहे. लेकीचे लग्न पुन्हा होणार नाही, यावर कोणाची हरकत नसावी. तीच गोष्ट बाळंतीण असलेल्या आणि आजारी माणूस असलेल्या घरांची. त्यांनी संकोच न करता सचिवांना सांगावे, कारण विचारले जाणार नाही.

दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांनी बादली घेऊन जिना चढू नये. बोअरचे पाणी वर पोहोचवायला इमारतीतील कॉलेजच्या मुलांनी आपणहून नावे दिली आहेत. रिकाम्या बादल्या सकाळी ६ वाजता दाराबाहेर ठेवा, तेवढे पुरे.

धुणी-भांडी करणाऱ्या मावशींना या तीन दिवसांत येऊ नका म्हटले, तरी त्यांचा पगार कापू नये. त्यांच्या वस्तीतला नळही याच लाइनवर आहे आणि तिथे साठवायला टाक्या नाहीत. वस्तीतल्या बायकांना वापरायच्या पाण्यासाठी फाटकाजवळचा बोअरचा नळ दिलेल्या वेळेत खुला राहील. रांगेत त्यांना मागे लोटू नका. जमेल त्या घराने पिण्याचा एखादा गुंड भरून दिला तर उत्तमच.

घराबाहेर पडताना आणि रात्री झोपताना सगळे नळ बंद आहेत ना, हे हाताने फिरवून पाहा. पाणी नसताना नळ उघडा राहिलेला कळत नाही. व्हॉल्व उघडला की बंद घरात पाणी वाहते आणि संध्याकाळचे सगळ्यांचे पाणी एका मोरीतून जाते. गावाला जाणाऱ्यांनी घराचा मुख्य कॉक बंद करून जावे.

शनिवारी येणारे पहिले पाणी गढूळ असेल आणि नळातून हवेचा आवाज येईल. ते टाकीत घ्यायचे नाही. प्लंबर ते खालच्या टाकीबाहेर सोडतील आणि नितळ दिसल्यावर, क्लोरीन तपासल्यावरच टाकी भरायला सुरुवात होईल. यात तास-दीड तास जाईल. सोडलेले पाणी चर काढून कडुनिंबाच्या आणि बागेतल्या झाडांना दिले जाईल. रो-हाऊसवाल्यांनीही पहिली पंधरा मिनिटे पाणी अंगणातल्या झाडांना सोडावे.

काम लांबलेच तर शनिवारसाठी १०,००० लिटरचा एक टँकर आताच सांगून ठेवला आहे. रोज रात्री ८ वाजता टाकीत किती पाणी शिल्लक आहे आणि कामाची स्थिती काय आहे, हे वॉचमनच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर लिहिले जाईल आणि तेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकले जाईल. त्याशिवाय दुसरीकडून आलेला निरोप पुढे पाठवू नये. फळा न वाचता येणाऱ्यांना शेजाऱ्यांनी सांगावे.

अडचण असल्यास सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ८ सचिव ए इमारतीच्या तळमजल्यावर, सोसायटीच्या खोलीत भेटतील.

आपले,
सचिव
व्यवस्थापन समितीच्या वतीने