एका मोठ्या हिरव्या कँडलनंतर लगेच खरेदी करावी का?

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो. डीमॅट खाते उघडून मला चार महिने झाले आहेत. एका छोट्या कंपनीचा शेअर काल १४३ रुपयांना उघडला, १४१ पर्यंत खाली आला आणि १६१ वर बंद झाला. चार्टवर इतकी मोठी हिरवी कँडल मी प्रथमच पाहिली. माझ्याजवळचे ६०,००० रुपये आज बाजार उघडताच त्यात घालावेत का?

उत्तर : आज सकाळी सव्वानऊला घालू नका. हिरवी कँडल इतकेच सांगते की त्या दिवशीचा बंद भाव उघडलेल्या भावापेक्षा वर होता. तो कोणी आणि कशासाठी वर नेला, हे तिच्यात लिहिलेले नसते.

प्रथम कारण शोधा. एनएसई किंवा बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या घोषणा असतात. तिथे निकाल, मोठी ऑर्डर किंवा तत्सम काही दिसले नाही, आणि भाव केवळ एखाद्या टेलिग्राम ग्रुपवरील टिपेमुळे वाढला असावा असे वाटले, तर तिथेच थांबा. नंतर व्हॉल्यूम गेल्या वीस दिवसांच्या सरासरीशी ताडून पाहा, पण तेवढ्यावर विसंबू नका. बाजार बंद झाल्यावर एनएसई डिलिव्हरीची, म्हणजे त्याच दिवशी न विकता प्रत्यक्ष खात्यात घेतलेल्या शेअरची, टक्केवारी जाहीर करते. ती त्या शेअरच्या नेहमीच्या प्रमाणापेक्षा बरीच कमी असेल, तर बहुतेक उलाढाल त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्यांची होती, असे समजावे. साप्ताहिक चार्टही उघडा, कारण हाच शेअर पूर्वी १६५ च्या आसपासून दोनतीनदा मागे फिरला असेल, तर आपण नेमके रेझिस्टन्सच्या तोंडाशी खरेदी करत असू.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा रकमेचा आहे, आणि नवखे लोक नेमका तोच सोडून देतात, याची मला मनापासून काळजी वाटते. १६१ ला घेऊन कँडलच्या तळाखाली, म्हणजे १४० ला, स्टॉपलॉस, म्हणजे तोटा रोखणारी विक्रीची ऑर्डर, ठेवला तर प्रत्येक शेअरमागे २१ रुपयांची जोखीम होते. ६०,००० रुपयांत ३७२ शेअर येतात. भाव फिरला तर सुमारे ७,८०० रुपये जातील. एका सौद्यात भांडवलाच्या एक टक्का, म्हणजे ६०० रुपयेच गमवायचे ठरवले, तर केवळ २८ शेअर घेता येतात. शिवाय छोट्या कंपनीला लोअर सर्किट लागले, म्हणजे भाव त्या दिवशीच्या खालच्या मर्यादेला पोचला, की घेणाराच उरत नाही आणि स्टॉपलॉसची ऑर्डर तशीच पडून राहते, म्हणून त्या शेअरची सर्किट मर्यादा किती टक्के आहे, तो एएसएमच्या, म्हणजे एक्सचेंजच्या जादा देखरेखीखालील शेअरच्या, यादीत आहे का, हेही आधी पाहून घ्या.

हे सारे ठीक निघाले, तरी दोन-तीन दिवस थांबा. भाव १५० च्या वर टिकून, कमी व्हॉल्यूममध्ये थोडा खाली येऊन पुन्हा वर वळला, तर त्या छोट्या घसरणीच्या तळाखाली स्टॉपलॉस ठेवून २१ रुपयांऐवजी आठ-दहा रुपयांच्या जोखमीत खरेदी करता येईल. तो न थांबता वर निघून गेला, तर जाऊ द्या. आपले ६०,००० खात्यात तसेच असतील.