पहिल्या मोठ्या पावसानंतर बेडूक एवढे का ओरडतात?

मुलांनो, पहिला जोराचा पाऊस पडला की त्याच रात्री डबक्याकडून ‘डराव डराव’ सुरू होतं. वाटतं, सगळे मिळून गाताहेत. पण तिथे चाललेली असते चुरस! ओरडतात ते नर. प्रत्येक जण मादीला सांगत असतो, ‘मी इथे आहे, माझ्याकडे ये.’

सगळे त्याच रात्री का? बेडकाची कातडी पातळ असते, तिच्यातून पाणी उडून जातं. म्हणून कोरड्या दिवसांत बरेच बेडूक मातीत किंवा दगडांखाली दडून राहतात. त्यांच्या अंड्यांना कवच नसतं, ती पाण्यातच घालावी लागतात. नव्या डबक्यात अंडी खाणारे मासे नसतात, ही मोठी सोय. अडचण एकच, डबकं आटतं. त्याआधी अंड्यांतून शेपटीवाली पिल्लं निघून त्यांना पाय फुटायला हवेत. उशीर परवडत नाही, म्हणून सगळे एकदमच धावतात.

आता एक करून बघा. ओठ मिटून ‘म्‌म्‌म्’ असा आवाज काढा आणि क्षणभर नाक चिमटीत धरा. बंद पडला ना? हवेला जायला वाटच उरली नाही. बेडूकही तोंड आणि नाकपुड्या मिटूनच ओरडतो, पण त्याच्या गळ्याशी फुग्यासारखी पिशवी असते. फुप्फुसातली हवा स्वरयंत्रातून तिच्यात जाते आणि परत फुप्फुसात येते. तीच हवा पुन्हा पुन्हा वापरायची! पिशवीमुळे आवाज दूरवर पोचतो. तरी हे काम फार दमवणारं आहे, म्हणून काही नर स्वतः गप्प राहून ओरडणाऱ्याच्या शेजारी बसतात आणि त्याच्याकडे निघालेल्या मादीला वाटेतच गाठतात. लबाडच म्हणायचे.

एवढ्या गोंगाटात मादीला कळतं कसं? प्रत्येक जातीचा आवाज वेगळा असतो आणि मादीचा कान आपल्या जातीचा सूर नेमका टिपतो. शेजारी-शेजारी बसलेले नरही बऱ्याचदा आळीपाळीने ओरडतात, कारण एकावर एक आवाज पडले तर दोघांचंही नुकसान.

ओरडण्यात धोकाही असतो. अमेरिका खंडातलं एक वटवाघूळ बेडकाचा आवाज ऐकूनच त्याला पकडतं. मात्र शेकडो बेडूक ओरडत असले, तर त्यांतला नेमका आपणच सापडण्याची शक्यता कमी होते. एकत्र जमण्याचा हा आणखी एक फायदा.

ऐकायला जाताना मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि पाण्यापासून लांब उभे राहा. तुमच्या पावलांनी जमीन हादरली की सगळे चिडीचूप होतील. टॉर्च बंद करून न हलता थांबा. आधी एक सुरू करेल, मग बाकीचे. बेडकाला हात लावू नका, हाताला लागलेला साबण किंवा मलम त्याच्या कातडीतून आत जातं. एकच आवाज धरून तो मिनिटात किती वेळा येतो ते मोजा, आणि शेजारचा त्याच्या मध्येच ओरडतो की तो थांबल्यावर, तेही वहीत लिहा.