कारखाना ऑडिटनंतरचे आभारपत्र : मराठी आणि इंग्रजी मसुदा

शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर
१७ नोव्हेंबर २०२५

विषय : १२ व १३ नोव्हेंबरच्या प्रोसेस ऑडिटबद्दल आभार

आदरणीय वेबर साहेब,

सप्रेम नमस्कार.

आपण सर्वजण सुखरूप घरी पोहोचल्याचा निरोप शनिवारी मिळाला, बरे वाटले. ऑडिटमधल्या मुद्द्यांवर आमचा कृती आराखडा क्वालिटी विभाग आपल्याला वेगळा पाठवतो आहे. हे पत्र मात्र केवळ आभाराचे. आमच्या फाउंड्रीत दोन दिवस आपण ज्या पद्धतीने काम केलेत, ती आमच्या लोकांच्या मनात बसली आहे आणि ते आपल्यापर्यंत पोहोचले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. पत्राची मराठी प्रत आम्ही सूचना फलकावरही लावणार आहोत, म्हणून आपल्याला ठाऊक असलेल्या काही गोष्टीही इथे सविस्तर येतील.

ऑडिट म्हटले की मीटिंग रूममध्ये फायलींचे गठ्ठे आणि दारापर्यंत उभी असलेली माणसे, हीच आमच्याकडची सवय. आपण चहा घेतलात, सेफ्टी बूट चढवलेत आणि थेट सँड प्लांटकडे निघालात. तिथे मीटरवरचा आकडा बघण्याआधी मूठभर वाळू हातात घेऊन दाबलीत, मग ती मूठ मधोमध मोडून कड नीट राहते का ते पाहिलेत. आमचे सँड लॅबचे जाधव रोज सकाळी नेमके हेच करतात. त्यानंतर कॉम्पॅक्टॅबिलिटी आणि ओलाव्याच्या नोंदींवर त्या दोघांची, म्हणजे आपली आणि त्यांची, जी चर्चा झाली ती साहेब आणि कामगार यांची नव्हती, एका धंद्यातल्या दोन जाणकारांची होती. जाधव अजून तिच्याबद्दल बोलतात.

सर्वात जास्त आभार बुधवारच्या संध्याकाळचे. कार्यक्रमपत्रिकेनुसार काम साडेपाचला संपले होते आणि गाडीही दाराशी आली होती. पण दुसऱ्या पाळीचे पोअरिंग बघायचे म्हणून आपण थांबलात. डक्टाइलच्या धातूला मॅग्नेशियम दिले की त्याचा परिणाम मिनिटागणिक उतरत जातो, हे आमच्या प्रत्येक पोअररला माहीत आहे. रजिस्टरमध्ये मात्र हीट भट्टीतून काढल्याची वेळ असायची. त्या लेडलमधून शेवटचा साचा कधी भरला, हे कागदावर येत नव्हते. आपण शिंदे मामांना विचारलेत, "वेळ कशी कळते?" मामांनी साच्यांच्या रांगेकडे बोट दाखवले. ते साचे मोजतात, त्यावरून त्यांना लेडलचे वय कळते.

आपण खिशातून स्टॉपवॉच काढलेत आणि लागोपाठ तीन लेडल मोजलेत, भट्टीच्या उष्णतेत उभे राहून. मामांचा अंदाज तिन्ही वेळा जवळपास बरोबर निघाला. तेव्हा आपण आधी त्यांच्याशी हात मिळवलात आणि मग मला म्हणालात, "हे सुट्टीवर असतील त्या दिवशी काय?" अहवालात हा मुद्दा एका ओळीचा आहे, आणि त्याला गुण कमी मिळाले तेही योग्यच आहे. पण तो ज्या रीतीने मांडलात त्यामुळे संपूर्ण पाळीत कोणालाही तो आपल्यावरचा ठपका वाटला नाही. शनिवारपासून पोअरिंग लाईनवर मोठ्या आकड्यांचा टायमर बसला आहे. मॅग्नेशियम प्रक्रिया संपली की तो मामा स्वतः सुरू करतात. दहा मिनिटे झाली की उरलेला धातू साच्यात जात नाही, पिगमध्ये ओतला जातो. प्रत्येक लेडलच्या शेवटच्या साच्याबरोबर नमुना घेऊन ग्राफाइटच्या गोळ्या मायक्रोस्कोपखाली तपासण्याची आपली सूचनाही सुरू केली आहे. आता हीट नंबरापुढे लेडल नंबरही लागतो.

कोअर ठेवण्याची जागा आणि पॅटर्नच्या देखभालीची नोंदवही या दोन्हींवरचे आपले म्हणणे मान्य आहे. त्याच्या तारखा आराखड्यात आहेत.

एकूण ८६ टक्के, म्हणजे 'बी' श्रेणी. 'ए' साठी ९० लागतात. शेवटच्या बैठकीत आपण चार गुणांचा हिशेब फळ्यावर मांडून कुठे किती मिळवता येतील ते दाखवलेत, तो फळा आम्ही पुसलेला नाही. मार्चच्या फेरऑडिटला तयारी करूनच उभे राहू.

मेट्झ मॅडमनी गेज रूममध्ये आमच्या दोन नव्या मुलींना मोजमापातला फरक कुठून येतो हे तीन वेळा समजावून सांगितले. त्या दोघींनी मॅडमना खास नमस्कार कळवला आहे. दुभाषी कुलकर्णी मॅडमचेही आभार, शॉपफ्लोअरच्या आवाजात दोन दिवस बोलत राहणे सोपे नाही.

कोल्हापुरी चपलांचा जोड आपण कंपनीच्या नियमामुळे नम्रपणे परत केलात. आमच्या मुलांना क्षणभर वाईट वाटले असेल, पण ज्याच्या हातात आपल्या कारखान्याचे गुण आहेत त्याने भेट नाकारावी, यातच आमचाही मान आहे, हे मी त्यांना सांगितले आणि त्यांना ते पटले. कॅन्टीनमध्ये मात्र आपण सगळ्यांबरोबर रांगेत उभे राहून ताट घेतलेत आणि ठेचा पुन्हा मागून घेतलात. आचारी अण्णांना त्यात सगळे मिळाले.

गुरुवार, २० नोव्हेंबरला आपल्या सकाळी ९ वाजता, म्हणजे आमच्या दुपारी दीडला, व्हिडिओ बैठकीत भेटूच. त्या दिवशी शिंदे मामा पाळीच्या आधी येणार आहेत. त्यांना आपल्याशी दोन शब्द इंग्रजीत बोलायचे आहेत.

आपल्या घरच्या सर्वांना आमचा नमस्कार सांगावा.

आपला स्नेहांकित,
संजय पाटील
कारखाना व्यवस्थापक

इंग्रजी मजकूर : शिंदे मामांनी बैठकीत वाचण्यासाठी, देवनागरीत

डिअर मिस्टर वेबर,

गुड मॉर्निंग. माय नेम इज शिंदे. आय वर्क ऑन द पोअरिंग लाईन, सेकंड शिफ्ट.

थँक यू फॉर स्टेइंग विथ अस ऑन वेन्सडे इव्हिनिंग. यू स्टूड निअर द लेडल, अँड यू आस्क्ड मी हाऊ आय नो द टाईम. नो व्हिजिटर आस्क्ड मी धिस बिफोर.

नाऊ वी हॅव अ टायमर. आय स्टार्ट इट मायसेल्फ. आफ्टर टेन मिनिट्स वी डू नॉट पोअर. द यंग बॉईज ऑल्सो फॉलो इट, इव्हन व्हेन आय अ‍ॅम ऑन लीव्ह. वी टेक अ सॅम्पल फ्रॉम द लास्ट मोल्ड, अँड द लॅब शोज अस द पिक्चर.

प्लीज थँक मिसेस मेट्झ ऑल्सो. द गर्ल्स इन द गेज रूम आर प्रॅक्टिसिंग एव्हरी डे.

प्लीज कम अगेन इन मार्च. द कॅन्टीन विल कीप ठेचा फॉर यू.

विथ रिस्पेक्ट फ्रॉम ऑल ऑफ अस इन कोल्हापूर.