देवळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनसाठी नियम

ग्रुपला चार अ‍ॅडमिन आहेत: दोघे गावातले, एक मुंबईकर मंडळाचा, एक महिला मंडळाची. पालखीच्या वेळा, पूजेच्या पाळ्या, वर्गणी, जत्रेची कामं आणि सुतक-सोयर कळवण्यासाठी हा ग्रुप आहे. बाकीच्या गप्पांना प्रत्येक वाडीचा आपापला ग्रुप आहेच.

फॉरवर्ड

संदेशावर दोन बाण दिसले, तर तो किमान पाच हात फिरून आलेला असतो. त्यावर वाद घालत बसू नये, Delete for everyone करावं. 'अकरा जणांना पाठवा, नाहीतर...' यालाही तोच नियम. असा संदेश बहुतेक वेळा एखाद्या म्हाताऱ्या काकींकडून येतो. त्यांना ग्रुपवर टोकू नये, संध्याकाळी फोन करून सांगावं.

तीन प्रकारांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं.

पावसाळ्यात दरवर्षी पुराचे जुने व्हिडिओ नव्याने फिरतात. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुराची दृश्यं 'आत्ताची' म्हणून आली की मुंबईत बसलेल्या मुलांचा जीव टांगणीला लागतो आणि घराघरांत फोन सुरू होतात. हवामान खात्याचा किंवा जिल्हा प्रशासनाचा इशारा तेवढा ठेवावा, तोही तारीख-वेळ दिसत असेल तरच.

गणपतीत आणि शिमग्यात जादा गाड्यांच्या याद्या येतात. गाडी क्रमांक आणि आरक्षण सुरू होण्याची तारीख रेल्वेच्या संकेतस्थळावर पडताळल्याशिवाय यादी राहू देऊ नये.

तिसरा प्रकार देणगीच्या क्यूआर कोडचा. खजिनदारांनी टाकलेला कोडच खरा. दुसऱ्या कोणी टाकला, अगदी मानकऱ्यांच्या नंबरवरून आला तरी, आधी काढावा आणि मग खजिनदारांना फोन करावा, कारण नंबर हॅक झालेला असू शकतो. कोणी पैसे पाठवून बसला असेल तर त्याला लगेच 1930 वर तक्रार करायला सांगावं. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

शुभेच्छा आणि श्रद्धांजली

रोजचं 'शुभ सकाळ' नको. फोन भरतात आणि पालखीचा निरोप वर सरकून जातो. सणाच्या दिवशी अ‍ॅडमिनपैकी एकाने सगळ्यांच्या वतीने एकच शुभेच्छा टाकावी. वाढदिवस वाडीच्या ग्रुपवर.

मयताची बातमी वेगळ्या पद्धतीने हाताळायची. नाव, वाडी, अंत्ययात्रेची वेळ आणि भावकीत कोणाकोणाला सुतक, एवढं एकाच संदेशात लिहावं. मग Send messages हा अधिकार सदस्यांसाठी दोन तास बंद ठेवावा. नाहीतर शंभर 'भावपूर्ण श्रद्धांजली'खाली वेळ गाडली जाते, आणि पाळी सुतकात आलेल्या घराला पर्याय शोधायचं राहून जातं.

राजकारण

पक्षाचं चिन्ह, नेत्याचा वाढदिवस, आरक्षणाची भांडणं, इतर धर्मांवर शेरे: काढून टाकावं, पक्ष न बघता. आपल्या पक्षाचं राहिलं आणि समोरच्याचं गेलं की दुसऱ्या दिवशी अर्धी वाडी ग्रुप सोडते.

सभामंडपाला आमदार निधी मिळाला तर कामाचं नाव आणि रक्कम लिहावी, फोटो नको. धार्मिक संस्थेच्या जागेचा राजकीय कामासाठी वापर 1988 च्या केंद्रीय कायद्याने बंद आहे, तेव्हा देवळातल्या प्रचारसभेचं निमंत्रणही ग्रुपवर चालणार नाही. आणि 'देवाने अमक्याला कौल दिला' हे तर मुळीच नको. धर्माच्या नावावर मत मागणं हा निवडणूक कायद्यात भ्रष्ट आचार आहे.

सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं तर केवळ अ‍ॅडमिन असल्याने गुन्हा आपल्यावर येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलं आहे. त्यात आपला समान हेतू दिसला तर गोष्ट वेगळी. म्हणून अशा संदेशाला अंगठाही देऊ नये.

सदस्य काढणे

इथे घाई नको. पहिल्यांदा खाजगी संदेश, दुसऱ्यांदा फोन, तिसऱ्यांदा दोन अ‍ॅडमिनच्या संमतीने काढणं. शिवीगाळ, बाईमाणसाला त्रास किंवा पैशाची फसवणूक असेल तर कोणीही एक अ‍ॅडमिन लगेच काढू शकतो, पण आधी स्क्रीनशॉट घ्यावा. रात्री दहानंतर वादावरून कोणाला काढू नये. रागाच्या भरात काढलेला माणूस सकाळी देवळात समोर उभा असतो.

ग्रुपमधून काढणं म्हणजे वाळीत टाकणं नव्हे, आणि ते तसं दिसताही कामा नये. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात 2016 चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून 'गावकीने काढलं', 'याच्याशी संबंध ठेवू नका' असं कोणी लिहिलं तर ते त्याच क्षणी काढावं. त्या घरचा मान, पूजेची पाळी, वर्गणीची पावती आणि दारात येणारी पालखी जशीच्या तशी राहते. त्याला लागणारे निरोप गावातल्या अ‍ॅडमिनने फोनवर कळवायचे, ही त्याची जबाबदारी.

काढताना खाजगीत एवढंच पाठवावं: 'नियम दोनदा सांगूनही पाळला गेला नाही म्हणून तुम्हाला ग्रुपमधून कमी केलं आहे. देवळाचे निरोप फोनवर मिळतील. तीन महिन्यांनी परत यायचं असल्यास कळवा.' ग्रुपवर कारण लिहू नये, कोणी विचारलं तरी.