घोडबंदर रोड बसप्रवास : स्कॅटर प्लॉटवरील तपासणी शेरा

प्रथम वर्ष, संख्याशास्त्र प्रात्यक्षिक. विषय : ठाणे स्टेशनपासूनचे अंतर (किलोमीटर) आणि बसने लागलेला वेळ (मिनिटे). नोंदी 12. गुण : 20 पैकी 13.

आलेखाची मांडणी निर्दोष आहे. अक्षांना नावे व एकके दिलेली आहेत, प्रमाण सोयीचे निवडले आहे आणि बाराही बिंदू तक्त्याशी पडताळले असता अचूक निघाले. (5 पैकी 5)

नजरेच्या अंदाजाने काढलेल्या रेषेबाबत मात्र विस्ताराने लिहावे लागेल. तुम्ही रेषा (0, 0) मधून सुरू करून (10, 54) पर्यंत नेली आहे आणि तिच्या समर्थनार्थ ‘सहा बिंदू वर, सहा खाली, म्हणून रेषा योग्य’ असे लिहिले आहे. मोजणी बरोबर आहे, निष्कर्ष नाही. वरचे बिंदू कोणते ते पाहा : 2, 3, 4, 4 आणि 5 किलोमीटरचे, शिवाय 6 किलोमीटरचा 58 मिनिटांचा. खालचे सगळे 6 ते 10 किलोमीटरचे. डावीकडचे बिंदू वर आणि उजवीकडचे खाली अशी विभागणी दिसली की रेषा गरजेपेक्षा जास्त चढी आहे असे समजावे; वरखालची संख्या समान असणे पुरेसे नाही, रेषेच्या प्रत्येक भागात बिंदू दोन्ही बाजूंना विखुरलेले हवेत. दुसरी कसोटी सरासरी बिंदूची. तुमच्या नोंदींची सरासरी (6, 34) येते, तर तुमची रेषा 6 किलोमीटरला 32.4 दाखवते.

शून्य अंतराला शून्य वेळ, म्हणून रेषा आरंभबिंदूतून जायलाच हवी, हा तर्क वरवर पटण्यासारखा आहे. पण ‘वेळ रांगेत उभे राहिल्यापासून मोजला’ असे तुम्हीच जर्नलमध्ये नोंदवले आहे. बस हलण्याआधीची ती मिनिटे रेषेने वाय-अक्षावर दाखवायला हवीत. आलेखावर 8 च्या आसपास अक्षाला छेदणारी, खोडलेली पेन्सिलची एक पुसट रेषा अजून दिसते. ती खोडायला नको होती. (6 पैकी 3, चढ काढताना नोंदींतील बिंदू न घेता रेषेवरचे दोन बिंदू घेतले, हे योग्य केले.)

कलाच्या वर्णनात दिशा आणि रेषीय स्वरूप बरोबर सांगितले आहे. ‘पूर्ण धन सहसंबंध’ हा शब्दप्रयोग मात्र सर्व बिंदू एकाच रेषेवर असतील तरच वापरता येतो. येथे ‘प्रबळ धन सहसंबंध’ म्हणावे. अंतर वाढल्यामुळे वेळ वाढतो हे कार्यकारणाचे विधान एरवी मी कापले असते, बसप्रवासात ते मान्य आहे. ‘बोरिवली 25 किलोमीटर धरल्यास 135 मिनिटे’ हा अंदाज मान्य नाही, कारण तुमच्या नोंदी 10 किलोमीटरला संपतात आणि गायमुखच्या पुढे घाट लागतो. तिथे हाच चढ टिकेल असे मानण्यास आलेखात आधार नाही. (5 पैकी 3)

आउटलायरच्या शेऱ्यात दोन बिंदू नमूद आहेत. मानपाड्याचा (6, 58) योग्य ओळखला आहे आणि कापूरबावडीच्या कोंडीचे कारणही दिले आहे. परंतु ‘चुकीची नोंद, वगळली’ असे म्हणता येणार नाही, कारण कोंडी खरी होती आणि वेळही खरा होता. तो बिंदू आलेखावर वर्तुळ करून ठेवावा आणि निकाल त्याच्यासह व त्याच्याविना असे दोन्ही द्यावेत. शिवाय एकीकडे वगळलेला हाच बिंदू तुम्ही ‘सहा वर’ मध्ये धरला आहे. तो काढला तर वर पाचच उरतात. मी दोन्ही प्रकारे गणित करून पाहिले : किमान वर्ग पद्धतीने चढ दोन्ही वेळा 4.1 च येतो, कारण या बिंदूचे अंतर नेमके सरासरीइतके आहे. तो धरल्यास रेषा फक्त सुमारे 2 मिनिटांनी वर सरकते. सहसंबंध गुणांक मात्र 0.99 वरून 0.80 वर उतरतो. कासारवडवलीचा (10, 49) आउटलायर नाही. तो टोकाला आहे इतकेच. इतर बिंदूंच्या कलाशी तो जुळतो. आउटलायर ठरवताना बिंदू किती लांब आहे हे न पाहता रेषेपासूनचे त्याचे उभे अंतर पाहावे. (4 पैकी 2)

त्याच आलेखावर लाल पेन्सिलने नवी रेषा काढावी : (6, 58) बाजूला ठेवून उरलेल्या अकरा नोंदींचा सरासरी बिंदू (6, 31.8) आधी मांडावा, पारदर्शक पट्टी त्यावर टेकवून फिरवावी आणि दोन्ही टोकांकडे बिंदू वरखाली सारखे वाटले जातील तिथे थांबावे. जुनी रेषा खोडू नये. पुढील प्रात्यक्षिकाच्या तासाला जर्नल पुन्हा दाखवावे.